‘डिडन्ट’नंतर ‘वेन्ट’ का नको?

प्रश्न : माझी मुलगी सातवीत आहे. ‘ही डिडन्ट वेन्ट’, ‘शी डझन्ट लाइक्स’ असं सारखं बोलते. नियम तिला पाठ आहे, पण ती विचारते, ‘गेला नाही’ हा भूतकाळच ना, मग ‘वेन्ट’ का चुकलं? हे मराठीतून कसं समजावू?

तिचा प्रश्न रास्त आहे. ‘तो गेला नाही’ या वाक्यात भूतकाळ ‘गेला’मध्ये बसलाय आणि ‘नाही’ फक्त नकार देतंय. तिने ‘नाही’च्या जागी ‘डिडन्ट’ ठेवलं, ‘गेला’च्या जागी ‘वेन्ट’. गफलत एवढीच, की ‘डिडन्ट’ म्हणजे नुसतं ‘नाही’ नव्हे. त्यातला ‘नॉट’ म्हणजे नाही. ‘डिड’ हा भूतकाळ आहे आणि तो ‘वेन्ट’मधूनच बाहेर काढलेला आहे. ‘वेन्ट’ फोडलं की ‘डिड’ आणि ‘गो’ असे दोन तुकडे पडतात. भूतकाळ ‘डिड’ घेऊन गेला, मागे उरलं कोरं ‘गो’.

हे तिला परकं वाटेल, पण वर्तमानकाळात आपण मराठीत नेमकं हेच करतो. ‘ती जाते’चा नकार ‘ती जात नाही’. ‘जाते नाही’ असं कुणी म्हणत नाही. ‘तू जातोस’चा नकार तर आणखी बोलका आहे: ‘तू जात नाहीस’. ‘जातोस’मधला ‘स’ उठून ‘नाही’ला चिकटला. ‘ते जातात’चं ‘ते जात नाहीत’ होतं, तिथेही शेवटचा ‘त’ असाच सरकला. आता ‘शी लाइक्स’ घ्या. ‘लाइक्स’मधला ‘स’ उठून ‘डू’ला चिकटला, त्याचं ‘डझ’ झालं आणि ‘लाइक’ मोकळं राहिलं. ‘शी डझन्ट लाइक्स’ हे ‘तू जातोस नाहीस’सारखं आहे. मुलीला हे वाक्य मोठ्याने म्हणायला सांगा, कानाला लगेच खटकेल. ‘डझन्ट हॅज’ ही चूकही याच जातीची. ‘हॅज’मधला ‘स’ निघाला की ‘हॅव’ राहतं.

भूतकाळात मात्र मराठी अर्ध्या वाटेवर थांबते. ‘तू गेलास’चं ‘तू गेला नाहीस’ होतं, म्हणजे ‘स’ सरकतो, पण ‘ला’ जागचा हलत नाही. इंग्रजी तोही हलवते. म्हणून मला वाटतं, शिकवताना सुरुवात ‘डझन्ट’पासून करावी. तिथे मराठी सोबत असते, ‘डिडन्ट’ला ती हात सोडते.

‘वॉन्ट टू गो’मधल्या ‘टू’नंतरही क्रियापद असंच कोरं राहतं. या ‘टू’चं काम सोपं आहे, कारण ते आपल्या ‘-यला’सारखं वागतं. ‘जायला सांगतो’, ‘जायला सांगितलं’, ‘जायला सांगेन’: काळ कुठलाही असो, ‘जायला’ बदलत नाही. ‘गेलायला’ असं रूपच नाही. तसंच ‘वॉन्टेड टू गो’, ‘हॅड टू गो’. ‘टू वेन्ट’ नाही.

आता तिन्ही गोष्टी एकाच वाक्यात करून पाहू. ‘आजी काल देवळात गेली नाही, कारण तिला गर्दी आवडत नाही, तिला घरी बसायचं होतं.’ आधी होकारी रूपं वहीत लिहायची: ‘वेन्ट’, ‘लाइक्स’. मग ती फोडायची: ‘डिड’ अधिक ‘गो’, ‘डझ’ अधिक ‘लाइक’. ‘नॉट’ नेहमी पहिल्या तुकड्याला लावायचा. ‘आजी डिडन्ट गो टू द टेम्पल यस्टरडे बिकॉज शी डझन्ट लाइक क्राउड्स, शी वॉन्टेड टू सिट अ‍ॅट होम.’ शेवटच्या तुकड्यात भूतकाळ ‘वॉन्टेड’ने घेतलाय, म्हणून ‘सिट’ कोरंच.

सरावाला ‘पुट’, ‘कट’, ‘हिट’ घेऊ नका. त्यांची भूतकाळाची रूपं वेगळी नाहीत, त्यामुळे ‘डिडन्ट पुट’ बरोबर आलं तरी तिला कळलंय की नाही ते दिसणार नाही. ‘वेन्ट’, ‘केम’, ‘एट’, ‘सॉ’ घ्या. ‘हू केम?’सारख्या प्रश्नात ‘डिड’ घुसवायला लावू नका. तिथे ‘हू’ हाच कर्ता आहे, म्हणून क्रियापद फुटतच नाही.

हे फोडणं इंग्रजीतही हळूहळू रुळलं. 1611च्या इंग्रजी बायबलमध्ये एकाच वाक्यात ‘दे टॉइल नॉट’ ही जुनी रीत आहे आणि लगेच पुढे ‘नायदर डू दे स्पिन’ ही नवी. इंग्रजी ज्यांची मातृभाषा आहे, अशी लहान मुलंसुद्धा काही काळ भूतकाळ दोनदा लावतात, हेही मुलीला सांगा.

एक ‘टू’ मात्र निराळा आहे. ‘आय अ‍ॅम लुकिंग फॉरवर्ड टू मीटिंग यू’ हे बरोबर आहे, तिथे ‘मीट’ चालत नाही. ओळखायला ‘टू’नंतर ‘दिवाळी’ ठेवून बघायची. ‘लुकिंग फॉरवर्ड टू दिवाळी’ जमतं, म्हणजे हा ‘टू’ नामाआधीचा. त्याच्यापुढे क्रियापद आलं तर ‘-इंग’ लावून येतं. ‘आय वॉन्ट टू दिवाळी’ जमत नाही, म्हणून तिथे कोरं क्रियापद.