नऊ आठवड्यांच्या बाळाचं 10.1 आणि आजोबांचं 11.4

प्रश्न: मुलगी नऊ आठवड्यांची, पूर्ण दिवसांची. हिमोग्लोबिन 10.1, रिपोर्टवर लाल अक्षरात 'लो'. वडील 74 वर्षांचे, त्यांचं 11.4, पण सगळे म्हणतात वयाच्या मानाने ठीक आहे. मुलीला लोहाचे थेंब सुरू करू का?

उत्तर: मी बरीच वर्षं लॅबमध्ये काढली आहेत. माझ्या मते काळजीचा रोख उलटा झालाय.

आधी मुलीच्या आकड्याशेजारी छापलेली रेंज बघा. तिथे 12 ते 15 असेल तर ती प्रौढ स्त्रीची आहे. नोंदणीत वय चुकलं किंवा संगणकात वयानुसार रेंज भरलेलीच नसली, की असं होतं.

पोटात असताना बाळाला ऑक्सिजन कमी मिळतो, म्हणून शरीर तांबड्या पेशी भरपूर बनवतं. जन्मताना हिमोग्लोबिन साधारण 14 ते 20 असतं. पहिला श्वास घेतल्यावर ऑक्सिजन मुबलक होतो, तांबड्या पेशी बनवायला लावणारं, मूत्रपिंडातून येणारं एरिथ्रोपोएटिन हे संप्रेरक उतरतं आणि नव्या पेशींचं उत्पादन मंदावतं. जुन्या पेशी प्रौढांच्या पेशींपेक्षा लवकर संपतात, शिवाय बाळाचं वजन वाढतं तसं रक्ताचं आकारमानही वाढतं. त्यामुळे आठ ते बारा आठवड्यांच्या सुमारास आकडा 9 ते 11 पर्यंत येतो आणि मग आपोआप चढू लागतो. तुमची मुलगी बरोबर त्या तळाशी आहे. मोडलेल्या पेशींतलं लोह शरीरात साठून राहतं, म्हणजे आत्ता लोहाची कमतरता नाही. थेंबांनी हा आकडा वर येणार नाही.

मात्र आकडा 9 च्या खाली गेला, कावीळ रेंगाळली, दूध पिताना दम लागत असेल किंवा आई-बाळाचा रक्तगट जुळत नसल्याचं सांगितलं गेलं असेल, तर बालरोगतज्ज्ञांना लगेच दाखवा. ते रेटिक्युलोसाइट, म्हणजे नव्या पेशींची मोजणी करून घेतील. (अपुऱ्या दिवसांच्या बाळात हा तळ लवकर येतो आणि जास्त खोल असतो. त्यांचं लोहाचं गणित वेगळं.)

आता वडील. पुरुषासाठी जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा 13 आहे, आणि 15 वर्षांपुढे ती वाढत्या वयाबरोबर खाली येत नाही. उतारवयात सरासरी थोडी घसरते हे खरं, पण त्यामागे बहुतेकदा काही कारण सापडतं. 'वयाच्या मानाने ठीक' म्हणून सोडून दिलेले रिपोर्ट मी बरेच पाहिलेत.

त्यांच्या रिपोर्टवर एमसीव्ही बघा, तो पेशीचा सरासरी आकार. समजा तो 74 आहे. 80 च्या खाली म्हणजे पेशी लहान, आणि मग फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, तपासायचा. तोही कमी आला तर लोह संपलंय. या वयाच्या पुरुषात लोह संपतं ते बहुधा पोटातून किंवा आतड्यातून न दिसणारा रक्तस्राव होत असल्यामुळे. गोळ्यांनी आकडा वर येईल, पण कारण तसंच राहील, म्हणून दुर्बिणीची तपासणी टाळू नका. एमसीव्ही 80 ते 100 मध्ये असेल तर आधी क्रिएटिनिन बघा, कारण मूत्रपिंड थकलं की एरिथ्रोपोएटिन कमी पडतं. 100 च्या वर असेल तर बी-12.

वडिलांचा दोन-तीन वर्षांपूर्वीचा एखादा रिपोर्ट घरात असेल तर तो शोधा. तेव्हा 14 असेल आणि आज 11.4, तर या आठवड्यातच डॉक्टरांची वेळ घ्या.