थ्रेशोल्ड खाली आणला की डुप्लिकेट जातात, पण सोबत कोण जातं?

प्रश्न: माझ्या डिटेक्टरमध्ये एकाच वस्तूवर दोन-दोन बॉक्स येतायत. एनएमएसचा थ्रेशोल्ड ०.६ वरून ०.४५ केला तर जातील का? की अँकर बॉक्सच कमी करू?

उत्तर:

जातील. एनएमएस थ्रेशोल्डपेक्षा जास्त एकमेकांवर चढलेल्या बॉक्सपैकी सर्वात जास्त स्कोअरचा ठेवतो आणि बाकीचे पुसतो. पण हाच आकडा, हाच बदल आमच्या टीम लीडनी केला होता आणि त्यानंतरचे दोन आठवडे मी माझी नसलेली चूक शोधत बसले होते. त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

काम होतं एकात एक घुसवून लावलेल्या ट्रॉल्या मोजायचं. कॅमेरा बाजूने, ट्रॉल्यांची सरळ रांग. डेमोच्या आदल्या दिवशी फ्रेममध्ये एकच मोकळी ट्रॉली होती आणि तिच्यावर दोन बॉक्स दिसत होते: एक पूर्ण ट्रॉलीवर, दुसरा फक्त वरच्या जाळीवर. लीडनी थ्रेशोल्ड ०.६ वरून ०.४५ वर आणला, जाळीवरचा बॉक्स गेला, स्क्रीन स्वच्छ. सगळे खूश.

मग प्रत्यक्ष रांग आली. ट्रॉल्या बारा, मोजणी एका फ्रेममध्ये सहा, पुढच्यात चार, मग पाच. निदान काय झालं? "मॉडेलचा रिकॉल कमी आहे, ट्रेनिंग नीट झालेलं नाही." ट्रेनिंग माझं. मी आणखी फोटो गोळा केले, पुन्हा ट्रेन केलं, आकडा हलला नाही.

शेवटी जे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं ते केलं. थ्रेशोल्ड १.० ठेवला, म्हणजे एनएमएस बंदच, आणि कच्चे बॉक्स काढून बघितले. बाराच्या बारा ट्रॉल्यांवर चांगल्या स्कोअरचे बॉक्स होते. मॉडेलला सगळं दिसत होतं, आम्हीच नंतर पुसत होतो. तुम्हीही आधी हेच करा. वस्तूचा बॉक्स कच्च्या यादीत असेल आणि अंतिम यादीत नसेल, तर दोष एनएमएसचा. कच्च्या यादीतच नसेल, तर अँकर किंवा ट्रेनिंगकडे वळा.

आता गणित. सोयीसाठी ट्रॉलीचा बॉक्स १०० पिक्सेल रुंद आणि २०० उंच धरा. शेजारची ट्रॉली ३० पिक्सेल सरकलेली. सामाईक रुंदी ७०, दोघींची मिळून १३०, म्हणून आयओयू, म्हणजे सामाईक क्षेत्रफळ भागिले एकत्रित क्षेत्रफळ, ७०/१३०, सुमारे ०.५४. त्याच्या पलीकडची ट्रॉली ६० पिक्सेलवर, तिचा आयओयू ४०/१६० म्हणजे ०.२५. थ्रेशोल्ड ०.४५ असेल तर निवडलेली प्रत्येक ट्रॉली आपल्या दोन्ही शेजारणींना खाते, पण पलीकडच्यांना हात लावत नाही. बाराच्या रांगेत मग जास्तीत जास्त सहा उरतात, कमीत कमी चार. नेमक्या किती, ते त्या फ्रेममध्ये कोणाचा स्कोअर वर आला त्यावर. चार आणि सहामध्ये झुलणारा तो आकडा ट्रेनिंगचा नव्हताच.

"मग मधला एखादा आकडा शोधायचा" असं लीड म्हणाले. इथेच खरी गंमत आहे. जाळीवरचा बॉक्स १०० बाय १००, पूर्ण ट्रॉलीच्या आत. आयओयू बरोबर ०.५०. म्हणजे खोटा डुप्लिकेट ०.५० वर आणि खरी शेजारीण ०.५४ वर. खोट्याला घालवायचं तर थ्रेशोल्ड ०.५० च्या खाली हवा, आणि तिथे खरी आधीच गेलेली असते. मधला आकडा अस्तित्वातच नाही. हे मी फळ्यावर काढून दाखवलं, तरी "०.५२ करून बघ" असं ऐकावं लागलं. केलं. दोन्हीकडून वाईट: जाळी राहिली, ट्रॉल्या गेल्या.

सॉफ्ट-एनएमएसही लावून पाहिलं. २०१७ ची ही पद्धत बॉक्स काढून टाकत नाही, आयओयूनुसार त्याचा स्कोअर खाली ओढते. गॉसियन प्रकारात, σ ०.५ असताना, ०.५४ आयओयूच्या शेजारणीचा स्कोअर साधारण ०.५६ पट होतो. ०.८ चे ०.४५, ठीक आहे. पण रांगेत मधल्या ट्रॉलीला दोन्ही बाजूंनी मार बसू शकतो. ०.४५ पुन्हा ०.५६ पट, म्हणजे ०.२५, आणि ती आमच्या ०.३ च्या स्कोअर कटऑफखाली गेली. विरळ गर्दीत ही पद्धत चांगली असेल, रांगेत नाही.

चाललं ते फार साधं निघालं: मोजमाप बदललं. सामाईक क्षेत्रफळाला एकत्रित क्षेत्रफळाने भागण्याऐवजी लहान बॉक्सच्या क्षेत्रफळाने भागायचं. जाळी पूर्ण आत आहे, म्हणून १.०. शेजारच्या ट्रॉलीसाठी ०.७०. आता मध्ये भरपूर जागा आहे.

```python
def ios(a, b):
    w = min(a[2], b[2]) - max(a[0], b[0])
    h = min(a[3], b[3]) - max(a[1], b[1])
    inter = max(w, 0) * max(h, 0)
    area = lambda r: (r[2] - r[0]) * (r[3] - r[1])
    return inter / min(area(a), area(b))
```

आधी ०.६ चा नेहमीचा एनएमएस, मग उरलेल्यांवर स्कोअरच्याच उतरत्या क्रमाने हे, ०.८५ च्या वर गेला की बाद. मोजणी बारा.

अँकर कमी करण्याबद्दल: करू नका. डुप्लिकेट हा अँकरचा बिघाड नाही, ती त्यांची शिकवणच आहे. अँकर म्हणजे चित्रावर आधीच ठरवून ठेवलेल्या चौकटी. फास्टर आर-सीएनएन या डिटेक्टरमध्ये प्रत्येक जागी असे नऊ अँकर असतात, तीन आकार आणि तीन प्रमाणं. ट्रेनिंगमध्ये खऱ्या बॉक्सशी ०.७ च्या वर जुळणाऱ्या प्रत्येक अँकरला "वस्तू तुझीच" असं शिकवतात. एका वस्तूचे असे चार-पाच दावेदार सहज निघतात, आणि ते सगळे जवळजवळ एकाच जागी बॉक्स देतात. हे खरे जुळे एनएमएस बिनचूक उडवतो: दहा पिक्सेल सरकलेला जुळा ९०/११०, म्हणजे ०.८२ वर असतो, ०.६ लाही तो जातो. आमच्याकडे नऊचे तीन अँकर करायचाही प्रयोग झाला (पुन्हा कोणाच्या सांगण्यावरून ते सांगत नाही). जाळीवरचा बॉक्स तसाच राहिला, आणि उभट वस्तू मात्र सुटायला लागल्या.

आता माझ्या बाजूचीही कबुली. जाळीवर बॉक्स येत होता कारण आमच्या लेबलिंगमध्ये अर्ध्या झाकलेल्या ट्रॉल्यांची काही जणांनी फक्त दिसणारी जाळी आखली होती, काहींनी पूर्ण ट्रॉली अंदाजाने. ते मी तपासलं नव्हतं. म्हणजे ट्रेनिंगमध्ये गडबड होती, फक्त लीड म्हणत होते ती नव्हे. आणि वरचा उपाय तुमच्याकडे अंगाशीही येऊ शकतो: मोठ्या वस्तूच्या चौकटीत खरोखरच लहान वस्तू पूर्ण मावत असेल, जसं मोठ्या माणसापुढे उभं मूल, तर हा नियम त्या मुलाला पुसून टाकेल.

आणि हे खरं तर आधी लिहायला हवं होतं: तुमच्या त्या दोन बॉक्सवर नाव एकच आहे का ते बघा. एकावर "ट्रक" आणि दुसऱ्यावर "बस" असेल, तर बहुतेक लायब्ररींत एनएमएस प्रत्येक वर्गासाठी वेगळा चालतो आणि ते दोघे एकमेकांशी तुलनेलाच येत नाहीत. तिथे ०.४५ काय, ०.०५ केलात तरी दोन्ही राहतील. अल्ट्रालिटिक्सचं योलो वापरत असाल तर `agnostic_nms=True` देऊन बघा.