चांगल्या नवऱ्यापासून सुरुवात कर

कोल्हापूर

अनेक आशीर्वाद.

तुझा प्रस्तावनेचा खर्डा वाचला. हरि नारायण आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही तरुणपणी विधवा झालेल्या यमूची कादंबरी पुन्हा छापली जाते आहे आणि तिची प्रस्तावना आपल्या गावात बसून लिहिली जाते आहे, याचा मला फार आनंद आहे. म्हणूनच हातचं राखून न ठेवता लिहितो.

तुझी सुरुवात हेरवाडपासून होते. शिरोळ तालुक्यातल्या या गावानं मे २०२२ मध्ये ठराव केला, की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र आणि जोडवी काढायची नाहीत. त्याच महिन्यात सरकारनं इतर ग्रामपंचायतींनाही तसं आवाहन केलं. तेव्हा केशवपन होतं, आता बांगड्या फोडणं आहे, म्हणून कादंबरी आजची, असा तुझा युक्तिवाद आहे. तो पटकन सुचतो, पण टिकत नाही. दुकानात पुस्तक चाळणारी पंचविशीतली मुलगी म्हणेल, केशवपन तर गेलं, ते वाचून मी काय करू? शिवाय विषयामुळेच पुस्तक जिवंत राहत असतं, तर विधवांच्या स्थितीवर त्या काळी लिहिलेलं सगळंच आज वाचलं गेलं असतं. बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ १८५७ची आहे आणि विषय तोच आहे. तिचा मान मोठा, पण आज ती बहुतेक अभ्यासापुरती उघडली जाते. यमू मात्र वाचणाऱ्याच्या घरात शिरते. असं का, हे प्रस्तावनेनं सांगायला हवं.

माझ्या मते उत्तर रघुनाथरावांत आहे, आणि तुझ्या खर्ड्यात ते दोन ओळींत उरकले आहेत. यमूचा नवरा वाईट नाही. तो तिला शिकवतो, तिच्याशी बरोबरीनं बोलतो, तिला मुंबईला घेऊन जातो. मुंबईच्या बिऱ्हाडात तिला वाचायला, मोकळेपणी बोलायला, चार माणसांत वावरायला मिळतं. तो भाग वाचताना आपल्यालाही वाटतं, सुटली ही. मग तो जातो. ती पुन्हा सासरच्या घरी येते आणि जे मिळालं होतं ते सगळं हातातून निघून जातं, कारण त्यातलं काहीही तिचं स्वतःचं नव्हतं. तिचं वाचणं, बोलणं, फिरणं एका भल्या माणसाच्या आयुष्यावर टांगलेलं होतं. हरिभाऊंनी नवरा दुष्ट दाखवला असता, तर दोष त्या माणसावर टाकून वाचक मोकळा झाला असता. त्यांनी ती वाट ठेवली नाही. पुढचं जबरदस्तीचं केशवपन भयंकर आहेच, पण ते होऊ शकतं याचं कारण त्याच्या कितीतरी आधी, सुखाच्या प्रकरणांत, रचून ठेवलेलं आहे. प्रस्तावना इथून सुरू कर.

आता याच्या मागचा कायदा थोडक्यात दे, म्हणजे वाचकाला ती नुसती दुःखाची गोष्ट वाटणार नाही. त्या काळी एकत्र हिंदू कुटुंबातल्या विधवेला मिळकतीत वाटा नव्हता. अन्नवस्त्र मिळण्याचा तेवढा हक्क होता, म्हणजे राहायचं त्याच माणसांच्या हाताखाली. १९३७च्या कायद्यानं तिला नवऱ्याच्या हिश्शावर हक्क दिला, पण हयातीपुरता. पूर्ण मालकी १९५६च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यानं आली. हे लिहिलंस की आजची गोष्ट आपोआप समोर येते. कागदावर हक्क आहे. पण नवरा गेल्यावर वारसनोंदीसाठी तलाठ्याकडे कोण जातं? बाराव्या-तेराव्याच्या आसपास ‘पोरांचं आम्ही बघतो, तू काळजी करू नकोस’ असं म्हणत हक्कसोडपत्र पुढे कोण सरकवतं? करवीर, कागल, शिरोळमधल्या वाचकाला हे समजावून सांगावं लागणार नाही. आणि असं बोलणारे पुष्कळदा खरोखर प्रेमळ असतात. कादंबरीतला धाक तरी वेगळा कुठे आहे? त्यातली बरीचशी सक्ती घरातल्या साध्या बोलण्यातून येते: लोक काय म्हणतील, आपल्या घरात असं चालत नाही, तुझ्याच भल्यासाठी सांगतो. हात उगारला जातो तो अगदी शेवटी. यमू हे सगळं स्वतःच्या तोंडानं, मागे वळून सांगते, म्हणून त्या बोलण्याचा सूरही आपल्याला ऐकू येतो. त्यातला एक उतारा निवडून प्रस्तावनेत पूर्ण छाप. तुझ्या तीन परिच्छेदांचं काम तो एकटा करील.

एका ठिकाणी फार जपून लिही. ‘आपल्या आज्या-पणज्यांचं हेच जिणं होतं’ हे वाक्य काढून टाक. केशवपन मुख्यतः ब्राह्मण आणि त्यांच्या चालीनं जाणाऱ्या घरांत होतं. मराठा, कुणबी आणि इतर अनेक जातींत विधवेचा पाट लागत असे. आपल्या भागातल्या बहुसंख्य वाचकांच्या पणजीचं दुःख वेगळं होतं, आणि यमूचं घर तिच्या ओळखीचं नव्हतं. हे मान्य केलंस तर वाचक तुझ्यावर विश्वास ठेवील. याच ठिकाणी शाहू महाराजांना आण. १९१७ मध्ये त्यांनी करवीर संस्थानात विधवा पुनर्विवाहाचा कायदा केला आणि पुढच्याच वर्षी त्यांचा धाकटा मुलगा शिवाजी शिकारीच्या अपघातात गेला. मागे राहिलेल्या कोवळ्या वयाच्या सुनेला, इंदुमतीदेवींना, त्यांनी विरोध पत्करून शिकवलं. राजवाड्यातसुद्धा त्यासाठी सासऱ्याला उभं राहावं लागलं, हे मला रघुनाथरावांच्या प्रकरणाशेजारी ठेवून वाचावंसं वाटतं. हेरवाडही इथेच येऊ दे. त्या ठरावामागे गावाची इच्छा आहे, कायद्याची शिक्षा नाही. घरातल्या बायकांनीच बांगड्यांना हात घातला तर काय, हा प्रश्न उरतोच. तो लपवू नकोस.

काळाची चौकट एका परिच्छेदात आटप. कादंबरी १८९०पासून ‘करमणूक’ साप्ताहिकात क्रमशः येत होती. त्याच वर्षी मुंबईत न्हाव्यांनी सभा घेऊन विधवांचं केशवपन न करण्याचा निर्धार केला होता, आणि १८९१ला संमतिवयाचा कायदा झाला. म्हणजे पहिले वाचक समोर चाललेल्या भांडणाच्या मधोमध बसून यमूला वाचत होते. एवढं पुरे. आठवड्याला थोडं थोडं येत असल्यामुळे सुरुवातीची बालपणाची प्रकरणं सावकाश चालतात, हेही सांग. आजचा वाचक पुस्तक खाली ठेवतो ते बहुधा तिथेच. घाई करू नका, घरातलं बोलणं ऐका, असं त्याला सरळ लिहायला हरकत नाही.

राहिली संहिता. प्रकाशकाला विचार, कुठल्या आवृत्तीवरून अक्षरजुळणी केली आहे. मधल्या काळात संक्षिप्त आवृत्त्यांची सवय लागली आहे, तेव्हा ही पूर्ण आहे की नाही हे स्वतः ताडून बघ. १९६२च्या नियमांनुसार न उच्चारले जाणारे अनुस्वार काढले असतील, तर तसं प्रस्तावनेत नोंदव. ऱ्हस्व-दीर्घ बदलले तर चालेल, पण यमूच्या तोंडचे शब्द ‘सोपे’ केलेले दिसले तर मुद्रणप्रत थांबव आणि मला फोन कर.