कौतुकाचं उत्तर पाच दिवस रखडलं

“ग्राहकानं मनापासून कौतुक केलंय, पण ज्या कामासाठी केलंय ते माझ्या सहकारी मुलीनं केलं होतं. खरं सांगितलं तर माझी किंमत कमी होईल. वर ‘पुढचं काम द्या’ म्हटलं तर लोचटपणा वाटेल. काय लिहू?”

हे विचारणाऱ्या ताईंचं यंत्रांच्या माहितीपुस्तिका तयार करून देण्याचं छोटं कार्यालय आहे. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील मी बदलले आहेत.) त्यांनी फोन माझ्यापुढे धरला. ग्राहकानं लिहिलं होतं, “छपाईला जायच्या आदल्या दिवशी तुम्ही ती चूक पकडलीत म्हणून आम्ही वाचलो.” बोल्ट किती आवळायचा, याचा तक्त्यातला आकडा आणि मजकुरातला आकडा जुळत नव्हते. निरोप येऊन पाच दिवस झाले होते आणि उत्तराचे तीन मसुदे नुसतेच पडून होते.

मी ते मोठ्यानं वाचायला सांगितले. पहिला होता, “अहो, त्यात काय एवढं, ते आमचं कामच आहे.” वाचता वाचता त्या स्वतःच थांबल्या. समोरचा म्हणतोय ‘आम्ही वाचलो’ आणि आपण म्हणतोय ‘त्यात काय एवढं’. ही नम्रता नव्हे. त्याला जे मोलाचं वाटलं, ते आपण परस्पर हलकं करून टाकतो. दुसऱ्यात “हे सगळं माझ्या टीमचं श्रेय” एवढंच होतं. टीममधलं कोण, काय केलं, याचा पत्ता नाही. असं वाक्य कुठल्याही कामाला चिकटवता येतं, म्हणून वाचणाऱ्याच्या मनात काहीच उरत नाही. तिसऱ्यात आभाराची एक ओळ होती आणि खाली सगळ्या सेवांची यादी. ती वाचून ग्राहकाला वाटलं असतं, आपण कौतुक केलं आणि यांनी जाहिरात पाठवली.

पण पाच दिवस अडलं ते शब्दांपाशी नव्हतं. चूक सापडली ती मुद्रितं तपासणाऱ्या मुलीला, हे त्यांना आतून टोचत होतं. मी विचारलं, “चूक कळल्यावर तुम्ही काय केलंत?” त्या म्हणाल्या, “काही नाही, छपाई थांबवली आणि ग्राहकाला फोन केला.” त्या ‘काही नाही’वर आम्ही बराच वेळ बोललो. अंदाजानं आकडा दुरुस्त करून पुस्तिका पुढे ढकलणं सोपं होतं. एक दिवस उशीर पत्करून ग्राहकाला विचारायचं, हा निर्णय त्यांचा होता. तिचं श्रेय तिला दिल्यानं हा निर्णय पुसला जात नाही. उलट, चूक एकाच्या नजरेतून सुटली तरी दुसऱ्याच्या नजरेत येते, हे ग्राहकाला कळतं. एकट्या माणसापेक्षा अशा कार्यालयावर भरवसा ठेवणं त्यालाही सोपं जातं.

मग त्यांनी तिथेच बसून लिहिलं:

“तुमचा निरोप वाचून फार आनंद झाला, मनापासून आभार. एक आवर्जून सांगते, ती चूक आमच्या मुद्रितशोधक सहकारीच्या लक्षात आली. मजकुरातला प्रत्येक आकडा ती तक्त्याशी ताडून पाहते. तुमच्या अभियंत्यांनी तासाभरात योग्य आकडा कळवला, म्हणून छपाईला एकाच दिवसाचा उशीर झाला. तुमचे शब्द तिला आज वाचून दाखवते. दुरुस्ती-पुस्तिकेबद्दल तुम्ही मागे बोलला होतात. ते काम निघालं की कळवा, त्यातले तक्ते आम्ही सुरुवातीलाच तपासून घेऊ.”

पाठवलेल्या निरोपात ‘सहकारी’च्या जागी त्या मुलीचं नाव होतं, तिला विचारून घातलेलं. हे विचारणं मी महत्त्वाचं मानते, कारण काहींना ग्राहकासमोर नाव यायला नको असतं. पुढच्या कामाची ओळही मुद्दाम एकच ठेवली. विषय ग्राहकानंच काढलेला होता, त्यामुळे ती ओळ आगंतुक वाटत नव्हती. तारीख किंवा भेट मागितली नसल्यानं, उत्तर न देण्याची मोकळीक त्याला राहिली. तसं काही बोलणं झालेलंच नसेल, तर “पुढेही तुमच्यासोबत काम करायला आवडेल” एवढं पुरे. बिल थकलं असेल किंवा एखादी तक्रार लटकलेली असेल, तर तो विषय स्वतंत्र निरोपात काढावा. आभारात मिसळला की आभारांवरच संशय येतो.

दोन दिवसांनी ग्राहकाचं उत्तर आलं, “त्यांनाही आमचे आभार सांगा.” दुरुस्ती-पुस्तिकेचं नावही नव्हतं. ताईंनी मला विचारलं, “आठवण करू का?” मी नको म्हटलं. निमंत्रण पोचलं होतं. लगेच पुन्हा विचारलं असतं, तर पहिल्या निरोपातला आनंदही कामासाठीच होता असं वाटलं असतं. नव्या आवृत्तीचा किंवा एखाद्या दुरुस्तीचा खरा विषय निघेल तेव्हा लिहा, असं सांगितलं.

जाताना मी विचारलं, त्या मुलीला निरोप वाचून दाखवलात का? “दाखवला,” त्या म्हणाल्या. “तिनं मला तो पुन्हा एकदा वाचायला लावला.”