लॅपटॉप जोडला आणि उजवा कान मुका झाला

प्रश्न: इअरबड्स फोनला छान चालत होते. काल लॅपटॉपलाही जोडले आणि तेव्हापासून फक्त डाव्या कानात आवाज येतो. उजवा बड गेला का?

बहुतेक नाही. फर्मागुडीला शिकणाऱ्या माझ्या भाच्याचंही गेल्या पावसाळ्यात अगदी हेच झालं होतं. तो नवीन जोडी घ्यायला निघाला होता, मी थांबवलं.

आधी डावा बड डबीत ठेवा, झाकण लावा आणि उजवा एकटाच कानात घालून बघा. गाणं वाजलं तर बड ठणठणीत आहे, दोघांची आपसातली जोडी तेवढी तुटली आहे. आवाज येतो पण अगदी बारीक, तर जाळीत मळ आहे. जाळी खाली धरून मऊ कोरड्या ब्रशने झाडा, टाचणी मुळीच घालू नका. आणि बड चालूच होत नसेल तर तो चार्ज झालेला नाही. आमच्याकडच्या दमट हवेत आणि घामाने बडवरच्या व डबीतल्या धातूच्या टिकल्यांवर थर बसतो, तो कोरड्या कापसाने पुसला की पुष्कळदा काम होतं.

भाच्याचा उजवा बड एकटा व्यवस्थित वाजला. मग विचारल्यावर कळलं, लॅपटॉप जोडताना पठ्ठ्याने डबीतून एकच बड काढला होता! लॅपटॉपने उजवा उचलला, डावा फोनकडेच राहिला.

उपाय असा. फोन आणि लॅपटॉप, दोन्हींच्या ब्लूटूथ यादीतून बड्सचं नाव काढून टाका (फोनवर Forget, विंडोजवर Remove device) आणि दोन्हीकडचं ब्लूटूथ बंद करा. हे चुकवू नका, नाहीतर रीसेट होताहोताच एखादा बड जुन्या यंत्राला जाऊन चिकटतो. मग दोन्ही बड डबीत ठेवून रीसेट करा. बऱ्याच मॉडेलांत डबीवरचं बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरावं लागतं, पण पद्धत वेगवेगळी असते, माहितीपत्रक बघा. आता फक्त फोनचं ब्लूटूथ चालू करून जोडा आणि दोन्ही कानांत आवाज येतो ना ते ऐका. त्यानंतर फोनचं ब्लूटूथ बंद, बड्स पुन्हा पेअरिंगवर, आणि लॅपटॉप जोडा. शेवटी फोनचं ब्लूटूथ परत चालू.

बड्समध्ये मल्टीपॉइंट असेल तर दोन्ही यंत्रं एकदम जोडलेली राहतील. तरी आवाज एका वेळी एकाचाच येतो. लॅपटॉपवरचं लेक्चर थांबवल्याशिवाय फोनवरचं गाणं बहुधा सुरू होणार नाही, तो बिघाड समजू नका. मल्टीपॉइंट नसेल तर बहुधा दरवेळी एकाचं ब्लूटूथ बंद करून दुसरं जोडावं लागेल. भाच्याच्या स्वस्त जोडीत ते नव्हतंच.

एवढं करूनही फोनवर एकच कान वाजत असेल आणि लॅपटॉपवर दोन्ही, तर फोनच्या Accessibility मध्ये आवाजाच्या बॅलन्सची पट्टी एका टोकाला सरकलेली नाही ना, ते बघा.