पाहुणा जळगावात टिकूच नये यासाठी काय काय करता येईल?

प्रश्न: मी जळगावचा, टुरिझममध्ये काहीतरी सुरू करायचंय. रिव्हर्स ब्रेनस्टॉर्मिंगने म्हणजे 'धंदा कसा बुडवायचा' असा विचार करून खरंच नवीन आयडिया निघते का? की नुसता टाइमपास?

उत्तर:

निघते भाऊ, पण बहुतेक लोक उलटा प्रश्नच इतका मोठा घेतात की शेवटी 'संडास स्वच्छ ठेवा, गोड बोला' एवढंच हातात राहतं. 'खान्देशातलं पर्यटन कसं बुडवायचं' असं विचारू नका. एकच माणूस धरा, एकच दिवस धरा. आम्ही तीन-चार दोस्त बसलो तेव्हा प्रश्न असा ठेवला होता, की अजिंठ्याला जायला जळगाव स्टेशनवर पहाटे उतरलेलं कुटुंब इथे एक रुपयाही जास्तीचा खर्च न करता, वैतागून परत जाईल यासाठी काय काय करायचं?

आधी प्रत्येकाने गुपचूप कागदावर लिहायचं, बोलायचं नाही, नाहीतर सगळ्यात मोठ्या आवाजाच्या माणसाचीच यादी होते. मग एकेक वाचायचं. आमच्याकडे निघालं ते असं, पहाटे पाचला उतरवा आणि लॉजवाल्याला सांगा चेक-इन दुपारी बाराला. सोमवारी बोलवा, त्या दिवशी लेण्या बंद असतात. मे महिन्यात पंचेचाळीस डिग्रीत भर दुपारी आणा. खायला काय विचारलं की पनीर बटर मसाला दाखवा, भरताचं नावच काढू नका. गाडी थेट लेणीपर्यंत जाते असं सांगा, म्हणजे फर्दापूर फाट्यावर गाडी ठेवून पुढचे चारेक किलोमीटर शटल बसने जायचं हे त्यांना तिथेच कळेल, तेही आजीबाई सोबत असताना.

आता खरी गंमत. यादी झाली की 'हे आजच कोण करतंय?' म्हणून खूण करायची, तर जवळपास सगळंच आजही होतंय ना भो, आणि कोणी मुद्दाम करत नाहीये. अशाच ओळींमधे धंदा असतो. पण ओळ उलटवली की जे निघतं ते दोन प्रकारचं. 'खोटं सांगू नका' हे निघालं तर ती नुसती शिस्त झाली, त्याचे वेगळे पैसे कोणी देत नाही. 'पहाटे पाच ते नऊ हे कुटुंब कुठे जाईल?' हे निघालं तर त्यात एक माणूस आहे, वेळ आहे आणि त्रास आहे, तिथे खिशात हात जाऊ शकतो.

हाच धागा पुढे नेऊन बघा. स्टेशनजवळच्या एखाद्या लॉजमधल्या दोन खोल्या फक्त पहाटे चार ते नऊ घ्यायच्या, गरम पाण्याची आंघोळ, कपडे बदलायला जागा, सामान ठेवणं, चहा-नाश्ता, आणि नऊला लेणीकडे जाणारी शेअर गाडी. समजा लॉजवाला दोन्ही खोल्यांचे मिळून 1200 मागतो आणि तुम्ही माणशी 200 घेता, नाश्ता-चहाला त्यातले 50 जातात, तर आठ माणसं आली तेव्हा कुठे भाडं सुटलं. रोज आठ माणसं येतील का हे खोलीत बसून कळणार नाही. स्टेशनवर वेटिंग रूम असतेच, एकटा पोरगा तिथेच तोंड धुऊन निघून जातो. पैसे देईल ते बायका-पोरं-म्हातारे घेऊन आलेलं कुटुंब, नाहीतर परदेशी पाहुणा. आणि परदेशी पाहुणा ठेवला की लॉजवाल्याला 24 तासांत त्याची माहिती सरकारकडे ऑनलाइन भरावी लागते, म्हणून घरच्या खोलीत उद्योग करायला जाऊ नका, रजिस्टर असलेला लॉजवालाच सोबत घ्या.

सोमवारची ओळ मला याहून भारी वाटते. रविवारी रात्री चुकून मुक्कामाला आलेल्या माणसाचा अख्खा दिवस रिकामा असतो आणि तो वैतागलेला असतो. त्याला सकाळी केळीच्या बागेत न्या, घड कसा उतरवतात ते बघू द्या, मग आसोद्याला, बहिणाबाईंच्या माहेरी, आणि दुपारी शेतातच भरीत. कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजताना तो धूर, ती साल काढून लाकडी भांड्यात ठेचणं, सोबत कांद्याची पात आणि कळण्याची भाकरी, हे त्याला हॉटेलात मिळत नाही. पण हे चालेल हिवाळ्यातच. उन्हाळ्यात तशी वांगीही नसतात आणि त्या उन्हात बागेत पाहुणा उभाही राहत नाही, म्हणजे वर्षाचे तीन-चार महिनेच कमाई धरा, गाडी आणि माणूस पगारावर घेऊ नका, दिवसाच्या हिशोबाने घ्या.

हे करून बघायला भांडवल लागत नाही. पहाटेच्या गाड्यांच्या वेळेला स्टेशनबाहेरच्या रिक्षावाल्यांकडे चहा घेत उभे राहा आणि विचारा की उतरलेली फॅमिली आत्ता या वेळी 'कुठे नेऊ' म्हटल्यावर काय सांगते. आठवडाभर तेच ऐका, सोमवार धरून. लॉजवाल्याशी बोलणी त्यानंतर.