‘आई, स्क्रिम चालूय!’ म्हणजे नक्की काय चालूय

२०१८ पासून मी मुंबईत मोबाइल गेमच्या टूर्नामेंट चालवतोय, म्हणजे रूम उघडणं, टीम बसवणं, पॉइंट्स मोजणं आणि भांडणं सोडवणं. खेळणाऱ्या पोरांपेक्षा आता त्यांच्या आईवडिलांचेच मेसेज जास्त येतात आणि दर वेळी तेच पाचसहा शब्द अडलेले असतात, म्हणून एकदाच लिहून टाकतो. जवळपास सगळे प्रश्न बीजीएमआयचे, म्हणजे बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया या गेमचे आहेत, म्हणून उत्तरंही त्याचीच. फ्री फायर मॅक्सवाल्यांना शब्द बहुतेक तेच लागू पडतील, आकडे मात्र वेगळे.

रात्री नऊला जेवायला हाक मारली की “स्क्रिम आहे, उठता येणार नाही” म्हणतो. ही मॅच असते की बहाणा? (परळ)

बहाणा नाही. स्क्रिम म्हणजे सरावाची मॅच, पण खऱ्या टूर्नामेंटच्या नियमांनी. ॲडमिन एक कस्टम रूम उघडतो आणि सुरू व्हायच्या दहापंधरा मिनिटं आधी ग्रुपवर आयडी-पास टाकतो, म्हणजे रूमचा नंबर आणि पासवर्ड. प्रत्येक टीमचा रूममधला बसायचा नंबर ठरलेला असतो, त्यालाच पोरं ‘स्लॉट’ म्हणतात. चुकीच्या स्लॉटमध्ये बसलं की ॲडमिन बाहेर काढतो. एक मॅच साधारण अर्धा तास चालते, अशा तीनचार लागोपाठ, मध्ये पाचदहा मिनिटं गॅप. तुमचा मुलगा मध्येच उठला तर उरलेले तिघं चौघांसमोर खेळणार, आणि दोनतीनदा असं झालं की तो टीममधून बाहेर. तेव्हा नऊला हाक मारून उपयोग नाही, सकाळीच विचारा आज स्क्रिम किती ते किती, ते त्याला माहीत असतंच. जेवण साडेआठला. हां, आणि रोज रात्री बारानंतरची स्क्रिम असेल आणि सकाळी शाळा असेल तर ती नाही खेळायची. यात समजून घेण्यासारखं काही नाही.

आयजीएल झालोय म्हणून पेढे मागतोय. हे काय पद आहे? (मुलुंड)

कॅप्टन. कुठे उतरायचं, कधी पळायचं, कधी भिडायचं हे मॅच चालू असताना ओरडून सांगणारा. पेढे द्या.

पहिल्या मॅचला यांची टीम पहिली आली, चिकन डिनर म्हणून घर डोक्यावर घेतलं, आणि संध्याकाळी म्हणे क्वालिफाय झालो नाही. फसवणूक झालीये का? (कांदिवली)

नाही हो. एका मॅचमध्ये शेवटपर्यंत टिकलेली टीम म्हणजे चिकन डिनर, पण टूर्नामेंट सगळ्या मॅचच्या बेरजेवर ठरते. सोळा टीम असतात. पहिल्या नंबरला १० पॉइंट, मग ६, ५, ४, ३, २, आणि सातव्या-आठव्याला १-१. नवव्यापासून खाली शून्य. शिवाय समोरचा एक खेळाडू बाद केला की १ पॉइंट, त्याला ‘फिनिश’ म्हणतात. बहुतेक ठिकाणी हेच टेबल असतं, तरी त्या टूर्नामेंटचं रूलबुक उघडून बघा.

तुमच्याच पोराचा स्क्रीनशॉट घेऊ. पहिल्या मॅचला पहिला नंबर आणि ४ फिनिश, म्हणजे १४. दुसऱ्याला बारावा नंबर, १ फिनिश, म्हणजे १. तिसऱ्याला दहावा, फिनिश नाही, शून्य. एकूण १५. त्याच यादीत एक टीम आहे जी एकही मॅच जिंकलेली नाही. तिचा तिसरा नंबर आणि ५ फिनिश, मग चौथा आणि ३, मग दुसरा आणि ४, म्हणजे १०, ७ आणि १०, एकूण २७. ती वर गेली, बरोबरच गेली. पुढच्या वेळी “जिंकलास का” विचारू नका, “तीन मॅचला मिळून किती पॉइंट झाले” विचारा, मग तो तुमच्याशी गप्पाच मारायला लागेल.

स्लॉटचे फक्त २५ रुपये मागतो. म्हणतो पेड स्क्रिम सगळेच खेळतात, वडापावपेक्षा स्वस्त आहे. द्यावेत का? (घाटकोपर)

नका देऊ. आणि आता जरा बसून वाचा, कारण माझं सगळ्यात जास्त डोकं याच प्रश्नावर फिरतं.

‘पेड स्क्रिम’ या नावात सराव कुठेच नाही. अशाच एका वडिलांनी मला यूपीआयचं स्टेटमेंट दाखवलं होतं, बायकोच्या अकाउंटचं, कारण पोरगा पंधरा वर्षांचा आणि फोन आईचा. एका महिन्यात २५ रुपयांच्या ४४ एंट्र्या, तीनचार त्याच त्याच यूपीआय आयडींना. आईला वाटलं रिचार्ज-बिचार्ज असेल. पोराला शेजारी बसवून मी हिशेब मांडला. रूममध्ये वीस टीम, चौघांचे पंचवीस-पंचवीस मिळून टीमकडून १००, म्हणजे जमा २०००. बक्षीस पहिल्याला ८००, दुसऱ्याला ४००, तिसऱ्याला २००, म्हणजे १४००. उरलेले ६०० ॲडमिनच्या खिशात, एका अर्ध्या तासाचे. सतरा टीम रिकाम्या हाताने घरी. या पोराने महिन्यात भरले ११००. त्याची टीम दोनदा पहिली आली आणि दोनदा तिसरी, म्हणजे त्याच्या वाट्याला यायला हवे होते ५००. हातात आले ३००, कारण दुसऱ्यांदा पहिले आले तेव्हा ॲडमिनने आधी “भाई रिझल्ट चेक हो रहा है” केलं, मग “कल पक्का”, मग ब्लॉक. महिन्याला ८०० गेले, आणि पोरगं मला सांगतंय की मी प्रॉफिटमध्ये आहे, कारण त्याला फक्त आलेले पैसे आठवत होते!

आता फी घेतली म्हणजे फसवणूकच असं मी म्हणत नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाइन गेमिंगचा केंद्राचा कायदा झाला, त्यात ई-स्पोर्ट्स वेगळं काढलंय आणि पैसे लावून खेळायचे गेम वेगळे काढून बंद केलेत. ई-स्पोर्ट्समध्ये स्पर्धेत प्रवेशासाठी किंवा आयोजनाच्या खर्चासाठी फी घेता येते, कामगिरीवर बक्षीसही देता येतं, पण कोणीही पैज लावायची नाही, खेळणाऱ्यानेही नाही आणि बघणाऱ्यानेही नाही. आणि ई-स्पोर्ट म्हणवून घ्यायला त्याला कायद्याने ठरवलेली मान्यता आणि नोंदणी लागते, व्हॉट्सॲप ग्रुपला नाव ‘ऑफिशियल’ दिल्याने ती होत नाही.

ओळखायचं कसं, तर मी एकच प्रश्न विचारतो, अर्ध्या टीम आल्याच नाहीत तर बक्षीस तेवढंच राहणार का? खऱ्या टूर्नामेंटमध्ये राहतं, कारण बक्षीस आयोजकाने किंवा स्पॉन्सरने आधीच ठरवलेलं असतं. पेड रूममध्ये ते तुमच्याच पंचवीस-पंचवीस रुपयांतून बनतं, म्हणून टीम कमी आल्या की ॲडमिन बक्षीस कमी करतो किंवा रूमच कॅन्सल करतो. ‘पर किल’ रूम याहून वाईट, तिथे प्रत्येक फिनिशला रुपये मिळतात, मग टीमवर्क वगैरे राहतच नाही, पोरं भिडायलाच धावतात आणि ज्या सवयी मोडायला कोचला महिने लागतात त्या पंचवीस रुपयांत लागतात. आणि ते ‘पेमेंट प्रूफ’चे स्क्रीनशॉट कृपा करून मला पाठवू नका, असा स्क्रीनशॉट बनवायला दोन मिनिटं लागतात. सराव करायचाय ना, फुकटच्या स्क्रिम ढीगभर आहेत.

पैसे अडकले असतील तर १९३० ला फोन किंवा cybercrime.gov.in वर तक्रार, त्याच दिवशी. लोक मला चार महिन्यांनी विचारतात, तोपर्यंत पैसे कुठल्या कुठे गेलेले असतात. ग्रुप सोडायच्या आधी चॅटचे स्क्रीनशॉट आणि यूपीआयचे ट्रान्झॅक्शन नंबर काढून ठेवा, पोरं रागात आधी ग्रुप सोडतात आणि मग पुरावाच राहत नाही. तुमची रूम कायद्यात कुठे बसते हे मात्र वकिलालाच विचारा, मी ॲडमिन आहे.

एका ऑर्गने ट्रायलला बोलावलंय, जर्सी आणि ‘रोस्टर फी’ मिळून अडीच हजार भरायला सांगितलेत. (डोंबिवली)

ऑर्ग म्हणजे टीम चालवणारी संस्था, आणि रोस्टर म्हणजे टीमची अधिकृत यादी. या धंद्यात ऑर्ग खेळाडूला पैसे देते, खेळाडू ऑर्गला नाही. भरू नका. उद्या खरीच ऑर्ग आली आणि करार पुढे केला तरी मुलगा अठराच्या आतला असेल तर त्याची सही पुरत नाही, तुम्ही लागता, आणि सही करायच्या आधी तो कागद वकिलाला दाखवा. विशेषतः ‘बायआउट’ शब्द असलेलं कलम. दुसऱ्या टीमने तुमचा मुलगा घ्यायचा तर आधीच्या ऑर्गला किती द्यायचे ती रक्कम तिथे लिहिलेली असते, आणि ती भलतीच मोठी असली की कोणी घेत नाही, पोरगा तिथेच अडकतो.

मुलीकडे ‘हँडकॅम’ मागतायत. मला हे अजिबात बरं वाटत नाहीये. (अंधेरी)

हँडकॅम म्हणजे खेळताना हात आणि फोनची स्क्रीन दिसेल असा दुसऱ्या कॅमेऱ्याने काढलेला व्हिडिओ. हॅक वापरत नाही ना, आणि खेळतंय ते दुसरंच कोणी नाही ना, हे तपासायला मोठ्या टूर्नामेंट मागतात, ते रूलबुकमध्ये लिहिलेलं असतं. कॅमेरा मागून किंवा वरून लावा, चेक करणाऱ्याला हात आणि स्क्रीन बघायची असते. काही ठिकाणी सुरुवातीला ओळख पटवायला चेहरा मागतात, तोही रूलबुकमध्ये असेल तरच आणि तुम्ही खोलीत असतानाच. व्हिडिओ टूर्नामेंटच्या अधिकृत फॉर्मवर जातो. कोण्या ‘ॲडमिन भैया’च्या पर्सनल नंबरवर जात नाही, आणि आधार कार्डचा फोटो तर मुळीच नाही. तुम्हाला बरं वाटत नाहीये ना, मग त्या फॉर्मवरच्या ईमेलवर तुम्ही स्वतः पालक म्हणून लिहा. खरे लोक उत्तर देतात.

बक्षिसाचे बारा हजार आईच्या खात्यात आलेत. टॅक्स? (वसई)

लागू शकतो. सीएला विचारा, मार्चची वाट बघू नका.

‘क्लॉ’ने खेळतो आणि हल्ली अंगठ्याच्या मुळाशी दुखतं म्हणतो. क्रीम लावली. (ठाणे)

क्लॉ म्हणजे दोन अंगठ्यांबरोबर तर्जनीही स्क्रीनवर वाकवून खेळणं, चांगले खेळाडू बहुतेक तसेच खेळतात, त्यात चूक काही नाही. पण क्रीम पुरे. रात्री दुखून जाग येत असेल, मुंग्या येत असतील किंवा बाटलीचं झाकण उघडताना कळ येत असेल तर या आठवड्यात हाडांच्या डॉक्टरकडे न्या, आणि जाताना त्याचा फोन बरोबर न्या. पकडतो कसा ते बघितल्याशिवाय डॉक्टरलाही नीट सांगता येत नाही.